सिग्नलला गाडी बंद केली गेली की बंद पडली? स्कूटरचं आयडल स्टॉप-स्टार्ट समजून घेऊन दोष कसा शोधायचा

मराठीत गाडी ‘बंद केली’ आणि गाडी ‘बंद पडली’ यांत मोठा फरक आहे. स्कूटरच्या स्टॉप-स्टार्ट सिस्टिमच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या फरकापाशी येऊन थांबतात. सिग्नलला इंजिन शांत झालं, तर ते कंट्रोलरने, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक मेंदूने, मुद्दाम बंद केलं की ते आपणहून मेलं, हे आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता गाडी गॅरेजला नेली तर बॅटरी बदलली जाते, प्लग बदलला जातो, इंजिनला हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ होते आणि आठवड्याभरात तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

हा लेख अशी स्कूटर नव्याने वापरणाऱ्यांसाठी आहे. लागणारी हत्यारं दोनच: एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि बॅटरीच्या टर्मिनलला बसणारा स्क्रूड्रायव्हर किंवा पाना. बाकी काम डोळे आणि कान करतात.

सिस्टिम नेमकं काय करते

कंपनीप्रमाणे नाव बदलतं. कुठे आयडलिंग स्टॉप, कुठे आय-थ्री-एस, कुठे इंटेलिगो, तर कुठे नुसतं स्टॉप अँड स्टार्ट. काम मात्र एकच. गाडी थांबली, मूठ पूर्ण सुटली आणि काही सेकंद गेले की कंट्रोलर पेट्रोल आणि स्पार्क तोडतो. मूठ पिळली की इंजिन पुन्हा चालू करतो. सेल्फचं बटण दाबावं लागत नाही.

हे इतक्या पटकन आणि बिनआवाजी होतं, कारण अशा बहुतेक स्कूटरमध्ये जुन्या पद्धतीची वेगळी सेल्फ मोटर नसते. क्रँकच्या टोकाला जो जनरेटर चार्जिंग करतो, त्यालाच कंट्रोलर मोटर म्हणून फिरवतो. गिअर अडकवायचे नाहीत, म्हणून तो ‘खर्रर्र’ आवाजही नाही. काही इंजिनांत कंट्रोलर क्रँक आधी थोडा उलटा फिरवतो. कॉम्प्रेशनवर जाण्याआधी पिस्टनला धावपट्टी मिळावी आणि लहान मोटरने काम भागावं, हा त्यामागचा हेतू. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण अशा गाडीत ‘सेल्फ मोटर खराब झाली’ असं कोणी सांगितलं तर नेमकं काय बदलायचं आहे ते विचारायला हवं.

इंजिन बंद करण्याआधी कंट्रोलर काही प्रश्नांची उत्तरं गोळा करतो. इंजिन गरम आहे का, हे तापमानाचा सेन्सर सांगतो. एअर-कूल्ड गाडीत तो सहसा ऑइलचं तापमान मोजतो, लिक्विड-कूल्ड गाडीत कूलंटचं. मूठ पूर्ण सुटली आहे का, हे थ्रॉटल पोझिशन सेन्सर सांगतो. गाडी खरंच उभी आहे का, आणि चालू केल्यापासून एकदा तरी ठरावीक वेगाच्या वर गेली होती का, हे स्पीड सेन्सर सांगतो. हा वेग अनेक मॉडेलांत ताशी १० किलोमीटरच्या आसपास असतो. साइड स्टँड वर आहे का, हे स्टँडचा स्विच सांगतो. आणि बॅटरीत पुन्हा स्टार्ट देण्याइतका दम आहे का, हे कंट्रोलर स्वतः व्होल्टेजवरून ताडतो.

यातलं एक उत्तर जरी ‘नाही’ आलं तरी कंट्रोलर इंजिन बंद करत नाही. म्हणून ‘सिस्टिम चालत नाही’ ही तक्रार अनेकदा बिघाडाची नसतेच, ती नकाराची असते. नकार कोणाचा आहे ते शोधायचं.

पहिली पायरी: तीन खुणा पाहा

मीटरवर या सिस्टिमचा एक दिवा असतो. बहुतेक गाड्यांत सगळ्या अटी पुऱ्या झाल्या की तो लागतो आणि सिस्टिमने इंजिन बंद केलं की लुकलुकतो. तुमच्या मॉडेलची खूण थोडी वेगळी असू शकते, ती गाडीच्या पुस्तकात एकदा पाहून ठेवा. सिग्नलला इंजिन थांबलं आणि दिवा लुकलुकतोय, तर गाडी बंद केली गेली आहे. दिवा नाही, किंवा त्याच्या जागी पिवळा इंजिनचा दिवा आहे, तर गाडी बंद पडली आहे.

दुसरी खूण कानाची. सिस्टिम इंजिन बंद करते तेव्हा आधी दोन-तीन सेकंद इंजिन एकसारखं आयडल करत असतं आणि मग सरळ थांबतं. स्वतःहून मरणारं इंजिन ब्रेक लावतानाच किंवा थांबता थांबता धडपडतं. आवाज खाली जातो, एक-दोन आचके बसतात आणि मग मरतं. तिसरा प्रकारही आहे. धडपड नाही, दिवा नाही, किल्ली फिरवल्यासारखं इंजिन खटकन तुटतं. हा सहसा विजेचा दोष असतो: साइड स्टँडचा चिखलाने भरलेला स्विच, ढिलं टर्मिनल किंवा किल्लीच्या कुलपातला सैल संपर्क. खड्ड्यावर आदळल्यावर असं होत असेल तर आधी तिकडेच बघा.

तिसरी खूण म्हणजे स्विच. हँडलवरचा स्टॉप-स्टार्टचा स्विच बंद करून नेहमीच्याच रस्त्याने दोन-तीन दिवस गाडी चालवा. तरीही ती सिग्नलला बंद पडत असेल तर या सिस्टिमचा संबंध संपला. खटकन तुटत असेल तर वर सांगितलेला विजेचा दोष, धडपडून मरत असेल तर आयडलचा, तो पुढे घेतलाय. बंद पडणं थांबलं तर दोष सिस्टिमच्या बाजूला आहे. या एका प्रयोगाला पैसे लागत नाहीत आणि निम्मी शोधाशोध वाचते. तरीही तो फारसं कोणी करत नाही.

इंजिन कधीच बंद होत नसेल तर

सुरुवात सर्वांत साध्या गोष्टींपासून करा. स्विच चालू आहे ना? गाडी पुसताना किंवा पावसाळी कव्हर ओढताना तो सरकतो. इंजिनचा पिवळा दिवा लागलेला आहे का? असेल तर कुठल्यातरी सेन्सरचा दोष कंट्रोलरने आधीच नोंदवलाय. अशा वेळी तो इंजिन बंद करण्याचा धोका पत्करत नाही, म्हणून आधी तो दोष काढून घ्यावा लागतो.

मग अंतराचा विचार करा. घरापासून दुकान दीड किलोमीटर, तिथून परत दीड किलोमीटर, असा वापर असेल तर इंजिन अटीइतकं गरमच होत नाही आणि बॅटरीही नीट भरत नाही. असा वापर असलेल्या गाडीत सिस्टिम महिनोन् महिने गप्प राहू शकते आणि त्यात काहीही बिघडलेलं नसतं. खात्री करायची तर एकदा सलग १५-२० मिनिटं चालवा आणि मग दिवा लागतो का बघा. तरीही लागत नसेल आणि गाडी पेट्रोलही जास्त पीत असेल, प्लग काळा पडत असेल, तर तापमानाच्या सेन्सरकडे बोट जातं. इंजिन कायम थंडच आहे असं कंट्रोलरला वाटत असलं की तो पेट्रोल जास्त टाकतो आणि सिस्टिमही अडवून धरतो. एका सेन्सरच्या या दोन तक्रारी एकत्र आल्या की अंदाज सहसा बरोबर ठरतो.

आता मूठ. नवख्यांच्या लक्षात न येणारं आणि घरी दुरुस्त होणारं सर्वांत मोठं कारण हेच.

कंट्रोलरच्या लेखी मूठ सुटली म्हणजे जवळजवळ सुटली असं नाही, पूर्ण सुटली. थ्रॉटलची केबल जरा ताणलेली असेल, तर मूठ सोडूनही थ्रॉटल बॉडीतली हवेची वाट उघडणारी पाकळी केसभर उघडी राहते. सेन्सर ‘थोडी रेस आहे’ असं सांगतो आणि कंट्रोलर वाट पाहत बसतो. तपासायला गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा. मूठ दोन बोटांनी हलकेच फिरवा. केबल ओढली जाऊ लागेपर्यंत मुठीच्या कडेवर थोडा मोकळा खेळ जाणवला पाहिजे. बऱ्याच स्कूटरना तो २ ते ६ मिलिमीटर लागतो. खेळच नसेल तर केबल घट्ट आहे. त्याउलट खेळ खूप जास्त असेल तर सिस्टिम थांबवेल, पण पुन्हा चालू करताना उशीर जाणवेल.

मग इंजिन चालू करा, आयडल होऊ द्या आणि हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण असं फिरवा. एखाद्या बाजूला इंजिनचा आवाज चढत असेल तर केबल कुठेतरी ओढली जातेय. हँडलच्या आत ती वायरिंगच्या गुच्छाखाली दबलेली असते किंवा आधीच्या कामात चुकीच्या वाटेने नेलेली असते. केबलवरच्या अॅडजस्टरचा लॉकनट सैल करून खेळ मिळेल इतकाच फिरवा आणि नट पुन्हा घट्ट करा. थ्रॉटल बॉडीवरच्या रंग लावलेल्या स्टॉपर स्क्रूला मात्र हात लावू नका. सेन्सरचा शून्य त्यावर बसवलेला असतो. तो हलला की आयडल, पेट्रोल आणि स्टॉप-स्टार्ट तिन्ही बिघडतात आणि घरी परत जागेवर येत नाही.

केबल ठीक असूनही मूठ पूर्ण परत येत नसेल तर ग्रिप कव्हर काढून बघा. बाजारात मिळणारी जाड रबरी किंवा फोमची कव्हरं आतल्या बाजूला स्विचच्या खोक्याला घासतात. मूठ सोडली की स्प्रिंग तिला परत आणते, पण शेवटचे दोन मिलिमीटर रबर अडवून धरतं. कव्हर काढून गाडी चालवली आणि सिस्टिम सुरू झाली, तर उत्तर मिळालं. आणि हो, सिग्नलला उभं असताना तळहात मुठीवर रेलून ठेवायची सवय असेल, तर तेही हेच काम करतं.

स्पीड सेन्सरचा दोष ओळखायला सोपा, कारण तोच स्पीडोमीटरलाही आकडा देतो. काटा किंवा आकडा मध्येच शून्यावर पडतो, उभ्या गाडीत नाचतो किंवा गाडी चालूनही हलत नाही, ही लक्षणं असली तर सेन्सरची जोडणी आणि त्याच्या तोंडावर साचलेली लोखंडी धूळ बघावी. टायर किंवा ब्रेकचं काम झाल्यानंतर लगेच तक्रार सुरू झाली असेल तर वायर दबली का, ते आधी पाहा. वाहतुकीत पाय टेकत टेकत पुढे सरकताना सिस्टिम इंजिन बंद करत नाही, हा मात्र दोष नाही. गाडी उभी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बॅटरीचा नकार पुढच्या तक्रारीशी जोडलेला आहे, म्हणून तिथेच घेऊ.

बंद होते, पण मूठ पिळल्यावर चालू होत नाही

ही तक्रार सर्वांत त्रासाची. मागे हॉर्न वाजतात आणि माणूस घाईघाईत किल्ली बंद-चालू करून सेल्फ मारतो. बहुतेकदा त्याने गाडी चालू होते, म्हणून दोष कुठे आहे हे कळत नाही.

आधी स्टँड बघा. सिस्टिमने इंजिन बंद केल्यावर साइड स्टँड खाली आला, किंवा स्विचला तसं वाटलं, तर मूठ पिळून इंजिन चालू होणार नाही. पाय टेकवताना बुटाने स्टँड हलणं, हे अगदी नेहमीचं. सीटखाली स्विच असलेल्या काही मॉडेलांत सीटवरून उठलं तरी हेच होतं. या दोन्ही गोष्टी सुरक्षेसाठी आहेत, त्यांना शॉर्ट करून ‘कायमचा’ इलाज करू नका.

त्यानंतर बॅटरी. सिग्नलला बॅटरीवर किती भार पडतो याचा हिशेब सोपा आहे. इंजिन थांबलं तरी हेडलाइट, टेललाइट आणि ब्रेकलाइट जळत राहू शकतात. ३५ वॅटचा हॅलोजन दिवा १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर घेतो. एक मिनिट थांबलात तर ०.०५ अँपिअर-अवर गेले. असे २० सिग्नल म्हणजे १ अँपिअर-अवर, आणि स्कूटरची बॅटरी असते ४ ते ६ अँपिअर-अवरची. मध्ये गाडी धावते तेव्हा ती भरते हे खरं, पण सिग्नल जवळजवळ असतील आणि मधला वेग कमी असेल तर भरणं मागे पडतं. एलईडी दिव्याच्या गाडीत हा भार बराच कमी. बाहेरून लावलेले फॉग लॅम्प असतील तर मात्र अंदाज चुकतो, म्हणून सिग्नलला ते बंद करावेत.

मोजणी अशी करा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर, किल्ली बंद असताना, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल प्रोब पॉझिटिव्हला आणि काळी निगेटिव्हला लावा. १२.६ ते १२.८ आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२.२ किंवा त्याखाली असेल तर ती अर्धी रिकामी आहे आणि सिस्टिम गप्प बसली तर आश्चर्य नाही. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन, हेडलाइट लावून, इंजिन चालू करा आणि रेस हळूहळू वाढवा. व्होल्टेज साधारण १३.५ ते १४.८ च्या दरम्यान जायला हवं. ते १३ च्या खालीच अडकत असेल तर चार्जिंगचा दोष आहे आणि नवी बॅटरीसुद्धा काही दिवसांत बसेल. मागचं चाक हवेत जोरात फिरत असतं, त्यामुळे त्याच्या जवळ कपडा, ओढणी, लहान मूल काहीही नको.

हे दोन आकडे छान आले तरी बॅटरी निर्दोष ठरत नाही. विश्रांतीचं व्होल्टेज बॅटरीत किती भरलंय ते सांगतं, भार पेलते का ते सांगत नाही. त्यासाठी कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या क्षणी आकडा कुठे उतरतो ते पाहा. मीटरला कमीत कमी आकडा धरून ठेवायची सोय असेल तर उत्तम, नसेल तर तीन-चारदा करून बघा. १० व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे.

एक उदाहरण आकड्यांसकट

समजा, एक १२५ सीसीची स्कूटर आहे. सकाळी सेल्फ एका दमात लागतो. गावात अर्धा तास फिरल्यावर मात्र सिग्नलला इंजिन बंद होतं, दिवा लुकलुकतो, मूठ पिळली की ‘टक’ असा आवाज येतो, मीटर क्षणभर विझून पुन्हा लागतं आणि गाडी तशीच राहते. बॅटरी तीन आठवड्यांपूर्वीच बदललीय.

विश्रांतीचं व्होल्टेज १२.७. चार्जिंग १४.२. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.९. तिन्ही आकडे चांगले. इथे बहुतेक जण कंट्रोलरवर संशय घेतात, आणि तो महाग भाग आहे.

पण मीटर विझलं होतं. बॅटरी १०.९ देत असताना मीटर विझायचं कारण नाही. म्हणजे बॅटरी जे देतेय ते पुढे पोचत नाहीये. आता मल्टिमीटरची एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह शिशावर, म्हणजे स्वतः टर्मिनलवर टेकवायची, आणि दुसरी त्याच टर्मिनलला बोल्टने जोडलेल्या जाड वायरच्या रिंगवर. दोघांत अंतर दोन-चार मिलिमीटर. आकडा शून्य यायला हवा. किल्ली बंद असताना येतोही. सेल्फ मारला की मात्र ०.९ व्होल्ट दिसतात. पॉझिटिव्ह बाजूला हेच केलं तर ०.६. दोन्ही मिळून दीड व्होल्ट त्या दोन बोल्टांखालीच हरवतात. १०.९ मधून १.५ गेले की कंट्रोलरला उरतात ९.४.

बोल्ट उघडल्यावर कारण समोर येतं. बॅटरी बदलताना मोबाइल चार्जरची आणि वाढीव हॉर्नची बारीक रिंग आधी टर्मिनलवर ठेवली गेली आणि मुख्य जाड रिंग तिच्यावर. जाड रिंग शिशाला टेकतच नाही, बारीक पत्र्याच्या रिंगेच्या कडेवर उभी आहे. बोल्ट हाताला घट्ट वाटतो, कारण तो खरंच घट्ट आहे, फक्त चुकीच्या गोष्टीवर.

मग सकाळी का चालायची? सकाळी हेडलाइट अजून लागलेला नसतो, बॅटरी ताजी असते. सिग्नलला मात्र दिवे आधीपासून करंट खात असतात, बॅटरी मिनिटभर एकटीच भार ओढत असते आणि तापून-थरथरून तो अर्धवट जोड आणखी सैल झालेला असतो. ९.४ वर कसंबसं भागत होतं, त्याच्याखाली भागत नाही. व्होल्टेज कोसळलं की कंट्रोलर आणि मीटर स्वतःच रीसेट होतात आणि स्टार्ट अर्धवट राहतो.

इलाज करताना किल्ली बंद करा आणि आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवा. टर्मिनल आणि जाड रिंगा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. जाड रिंग थेट शिशावर बसवा, बारीक रिंगा तिच्या वर, आणि मग बोल्ट. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. पुन्हा मोजल्यावर दोन्ही बाजूंना ०.०५ च्या आसपास येतं आणि बॅटरीवरचा आकडा १०.९ ऐवजी १०.७ दिसतो. तो उतरला म्हणून घाबरू नका. वाट मोकळी झाल्यामुळे मोटर आता जास्त करंट ओढतेय, त्याची ती खूण आहे.

हीच मोजणी पुढे चालू ठेवता येते: जाड वायरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फ्यूजच्या दोन्ही बाजूंना, चेसीवरच्या अर्थच्या बोल्टवर. एका वायरीवर किंवा जोडावर सेल्फच्या वेळी ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त हरवत असेल तर तो जोड उघडून साफ करण्याजोगा आहे.

दिवा नाही, स्विच बंद, तरी सिग्नलला मरते

हा आयडलचा दोष. पुष्कळ स्कूटरचं गरम आयडल मिनिटाला १५०० ते १८०० फेऱ्यांच्या आसपास असतं. ते खाली बसलं की ब्रेक लावताच इंजिन मरतं.

सर्वांत आधी थ्रॉटल बॉडी. पाकळीच्या कडेला आणि आयडलच्या हवेच्या बारीक वाटेत काळा चिकट थर साचतो. मूठ सुटल्यावर इंजिनला हवा तेवढ्याच फटीतून मिळते, म्हणून थर साचला की धावताना गाडी झकास आणि थांबताना मेली, असं दिसतं. थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर घेऊन पुसावं. सेन्सरवर फवारा सोडू नये. साफ केल्यावर इंजिन गरम करून काही मिनिटं मुठीला हात न लावता आयडलवर राहू द्या, म्हणजे कंट्रोलर हवेचं माप नव्याने जुळवून घेतो. एअर फिल्टर आणि प्लग याच वेळी बघून घ्या.

थंड असताना आयडल सुरेख आणि गरम झाल्यावरच मरते, अशी तक्रार असेल तर व्हॉल्व्हचं अंतर मोजून घ्या. वापराने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत आत बसतात आणि अंतर कमी होतं. गरम झाल्यावर ते आणखी कमी होऊन व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. यावर आयडल वाढवून घेणं हा इलाज नाही, तो दोष लपवतो.

आणि एक स्कूटरचंच खास कारण, ज्याकडे क्वचित कोणी बघतं: मागचा क्लच. आयडलवर क्लचचे शू लहान स्प्रिंगांनी आत ओढलेले असले पाहिजेत. एखादी स्प्रिंग तुटली किंवा सैल झाली की शू ड्रमला घासत राहतात, आणि ब्रेक लावून थांबलं की इंजिन अडकलेल्या चाकाशी झुंजत मरतं. गाडी मेन स्टँडवर आयडल करत ठेवून मागचा ब्रेक हळूच दाबा. चाक हलकं फिरत असेल तर ते सहज थांबावं आणि इंजिनचा आवाज तसाच राहावा. ब्रेक दाबताच आवाज खाली बसत असेल, तर थ्रॉटल बॉडी साफ करण्यात वेळ घालवू नका, क्लच उघडा.

काम करताना आणि चालवताना

दिवा लुकलुकत असताना गाडी बंद आहे असं कधीही धरू नका. मूठ फिरली की ती चालू होऊन पुढे जाईल. उतरायचं असेल, डिक्की उघडायची असेल, पुढे मूल उभं असेल किंवा गाडी ढकलायची असेल तर आधी किल्ली बंद. वरची कुठलीही तपासणी उभ्या गाडीवर करताना स्टॉप-स्टार्टचा स्विच बंद ठेवा.

पाणी साचलेल्या रस्त्यात शिरण्याआधीही तो स्विच बंद करा. मध्येच थांबावं लागलं आणि सिस्टिमने इंजिन बंद केलं, तर सायलेन्सरमधून बाहेर येणारा धुराचा दाब थांबतो आणि नळीच्या तोंडापर्यंतचं पाणी आत चढतं.

गॅरेजला जावंच लागलं तर ‘सिग्नलला बंद होते’ एवढंच सांगू नका. दिवा लुकलुकत होता का, स्विच बंद ठेवून काय झालं, इंजिन धडपडून मेलं की खटकन तुटलं, आणि सेल्फच्या वेळचे व्होल्टेजचे आकडे, एवढं कागदावर लिहून द्या.